‘उणे बावन्न हजार आलेत, पगार अडवू का?’

*पुण्यातल्या एका सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत मी एचआर आणि पगार, दोन्ही बघते. माणसं साठ-पासष्ट. विक्री विभागातला एक मुलगा तीन वर्षांनी सोडून गेला. साठ दिवसांची नोटीस होती. 2 मार्चला राजीनामा दिला आणि चाळीस दिवसांनी, 10 एप्रिलला गेला. ईआरपीनेक्स्टमध्ये त्याचा एफ अँड एफ काढला तर उणे 52,640 आलं. साहेब म्हणतात, एप्रिलचा पगार अडव आणि पैसे भरेपर्यंत रिलिव्हिंग लेटर देऊ नकोस. मुलगा म्हणतो, माझ्या रजा नोटिशीत धरा. लॅपटॉपचा स्क्रीन तडकलाय, त्याची पूर्ण किंमत साहेबांना हवी आहे. आठवडा झाला, रोज त्याचा फोन येतो. आकडा सिस्टिमनेच काढलाय, म्हणजे बरोबरच असणार ना? सोबत स्टेटमेंट, पगाराची रचना आणि नियुक्तीपत्राची प्रत जोडली आहे. — एक वाचक, पुणे*

प्रती जोडल्यात ते फार बरं केलंत. नाहीतर मला ‘नियम बघा, वकिलांना विचारा’ एवढंच लिहून थांबावं लागलं असतं. तुमचं Full and Final Statement मी समोर ठेवलं आणि पेन्सिल घेऊन एकेका ओळीवर बसले. त्यातली एकच ओळ जशीच्या तशी टिकली, 16,720 रुपये पगाराची. बाकी चारही आकडे चुकीचे आहेत, आणि ते सिस्टिमने काढलेले नाहीत. तुम्ही, तुमच्या आधीच्या माणसाने किंवा साहेबांनी भरलेलं तिने फक्त बेरीज-वजाबाकी करून दाखवलं आहे.

नोटिशीपासून सुरू करते, कारण सगळ्यात महागडी समजूत तिथे आहे. Receivables मध्ये 36,000 ची ओळ आहे. ईआरपीनेक्स्ट ती आपोआप आणत नाही. उचल, कर्ज, खर्चाचे दावे वगैरे ते त्यांच्या नोंदींवरून उचलतं, पण नोटिशीची ओळ हाताने घालावी लागते. तुम्ही एकूण पगार 54,000 धरून, तीसने भागून, वीस दिवसांचे 36,000 लावलेत. आता नियुक्तीपत्राचं नववं कलम वाचा. ‘नोटीस कालावधी पूर्ण न केल्यास उर्वरित दिवसांचा मूळ वेतन व महागाई भत्ता देय राहील.’ म्हणजे 54,000 नाही, 27,000. दिवसाचे नऊशे, वीस दिवसांचे 18,000. एका वाक्यात अर्धा आकडा गेला.

हे कलम उलट्या दिशेनेही बघून ठेवा. उद्या कंपनीनेच एखाद्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हटलं, तर त्याला नोटिशीचे पैसे कुठल्या पायावर द्याल? तेव्हा बेसिकवर आणि वसूल करताना ग्रॉसवर, असं करणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. कामगार अधिकाऱ्यासमोर तो हिशेब पाच मिनिटंही उभा राहत नाही.

अजून एक सवय इथेच सांगते, कारण तुमच्यासारख्या बऱ्याच जणींच्या हातून ती चूक होते. मी पूर्वी ज्या कंपनीत होते तिथे आमचा अकाउंटंट Relieving Date मुद्दाम नोटीस संपायच्या तारखेची टाकायचा आणि मधले दिवस बिनपगारी लावायचा. म्हणे ‘आपोआप कापलं जातं’. कापलं काहीच जात नव्हतं. माणूस फक्त न केलेल्या कामाचा पगार घेत नव्हता. वर पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख वीस दिवस पुढची गेली, नव्या कंपनीची रुजू तारीख तिच्या आधीची, आणि दोन नोकऱ्या एकमेकींवर चढल्या म्हणून त्या माणसाचं पीएफ हस्तांतर अडकलं. तो बिचारा सहा महिने आमच्या रिसेप्शनवर यायचा. तेव्हा Relieving Date 10 एप्रिल हीच राहू द्या. त्या तारखेमुळे Salary Slip आपोआप दहा दिवसांची होते, पीएफ दहा दिवसांच्या बेसिकवर, म्हणजे 9,000 वर कापला जातो, आणि तेच बरोबर आहे. नोटिशीची वसुली पगाराखाली वेगळी ओळ म्हणून येते. तिने हजेरीला हात लावायचा नाही आणि पीएफच्या पायालाही नाही.

आता रजा. इथे दोन चुका आहेत. त्या एकमेकींच्या उलट दिशेने जातात, म्हणून आकडा डोळ्यांना सुसह्य वाटतो.

पहिली चूक दिवसांची. सिस्टिम 28 दिवस शिल्लक दाखवते. मागच्या वर्षीचे 14, यंदाचे 18, त्यातून चार वापरलेले. पण यंदाचे अठरा तुम्ही 1 जानेवारीलाच एकदम जमा केलेत. तो 10 एप्रिलला गेला, म्हणजे वर्षातले शंभर दिवस. अठरा गुणिले शंभर भागिले 365 केलं की 4.93, म्हणजे पाच दिवस कमावलेले. 14 अधिक 5 वजा 4, शिल्लक 15. उरलेले तेरा दिवस त्याने अजून कमावलेलेच नव्हते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही रजा कामाच्या दिवसांवरच मिळते, वीस दिवसांमागे एक, आणि साठवायची मर्यादा 45 दिवसांची. तुमची पद्धत त्याहून उदार आहे, ते चांगलंच. पण जानेवारीत दिलेली रजा ही वर्षभर राहण्याच्या भरवशावर दिलेली असते.

सिस्टिममध्ये हे दुरुस्त करायला त्याच्या चालू वर्षाच्या Leave Allocation मध्ये जा, New Leaves Allocated मधले 18 काढून 5 करा आणि खाली टिपणीत कारण लिहा. सबमिट झालेल्या नोंदीतही हे खानं बदलता येतं. मग Leave Encashment काढलंत की शिल्लक पंधरा येईल. पुढच्या वर्षीपासून मात्र Leave Type मध्ये Is Earned Leave लावून Earned Leave Frequency ‘Monthly’ ठेवा. महिन्याला दीड दिवस जमा होत जाईल आणि कोणी गेलं की ही दुरुस्तीच करावी लागणार नाही.

दुसरी चूक दराची. Leave Encashment ने दिवसाला 880 लावले. हा आकडा कुठून आला हे तुम्ही शोधलंच नसणार. तो तुमच्या Salary Structure मध्ये, Leave Encashment Amount Per Day या खान्यात बसलेला आहे. 880 ला सव्वीसने गुणा, 22,880 येतात. म्हणजे कोणे एके काळी कोणाचा तरी बेसिक 22,880 होता आणि त्यावरून ते खानं भरलं गेलं. ती रचना तुम्ही विक्री विभागातल्या सगळ्यांना लावली आहे! माणसागणिक बेसिक वेगळा, पण रजेचा दर सगळ्यांना एकच. या मुलाचा बेसिक 27,000, तुमच्या नियमावलीत भाजक सव्वीसचा, म्हणजे दिवसाचे 1,038 रुपये 46 पैसे. पंधरा दिवसांचे 15,577. सिस्टिमने दिलेले 24,640 चुकीच्या दिवसांना चुकीच्या दराने गुणून आले होते.

गेल्या वर्षभरात याच रचनेवरून ज्यांना रजेचे पैसे दिलेत त्यांचीही यादी काढा. कोणाला कमी गेले असतील तर ते आता द्यावे लागतील. साहेबांना ही बातमी आवडणार नाही, पण ती तुमच्याकडून कळलेली बरी.

करविषयक एक गोष्ट घाईत सांगते. नोकरीत असताना रजा विकली तर पैसे पूर्ण करपात्र. नोकरी सोडताना, राजीनामा देऊन सोडली तरीही, त्यांना सूट आहे. खासगी नोकरीत आयुष्यभराची कमाल मर्यादा 25 लाख, आणि त्याखाली पगार व सेवेच्या वर्षांवर बेतलेल्या आणखी मर्यादा. तुमच्याकडे दोन्हींसाठी एकच Salary Component आहे आणि त्यावर Is Tax Applicable ला टिक आहे. या मुलाच्या पगाराला तसाही कर बसत नाही, म्हणून तुम्हाला जाणवलं नाही. एखादा मोठ्या पगाराचा मॅनेजर जाईल त्या दिवशी जाणवेल. सोडून जाणाऱ्यांसाठी वेगळा घटक आत्ताच करून ठेवा.

आता त्याची विनंती, रजा नोटिशीत धरण्याची. साहेब नाही म्हणतात आणि तुम्हाला त्याची दया येते, हे पत्रातून दिसतं. पण थांबा, हिशेब करू. रजा नोटिशीत धरली तर वीस दिवसांतले पंधरा भरले, उरले पाच. पाच गुणिले नऊशे, त्याच्याकडून 4,500 घ्यायचे आणि रजेचं काही द्यायचं नाही. न धरता दोन्ही वेगळं ठेवलं तर त्याला 15,577 द्यायचे आणि 18,000 घ्यायचे, म्हणजे त्याच्याकडून फक्त 2,423. जे तो मागतो आहे त्यात त्याचंच 2,077 रुपयांचं नुकसान आहे. कारण रजेचा दिवस सव्वीसने भागलेला, म्हणून महाग. नोटिशीचा दिवस तीसने भागलेला, म्हणून स्वस्त. तुम्ही नोटीस ग्रॉसवर, दिवसाला 1,800 लावली होती, तेव्हा मात्र त्याची मागणी त्याच्या फायद्याची होती. तुमचा चुकीचा आकडा ऐकूनच त्याने ती केली असणार. त्याला बोलवा, दोन्ही हिशेब कागदावर दाखवा आणि निवडू द्या. तुमच्या नियमावलीत याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे कंपनी तयार असेल तर दोन्ही मार्ग मोकळे आहेत.

उचलीची ओळ 12,000 ची. नाशिक-संभाजीनगर दौऱ्यासाठी घेतलेली. पण तुम्हीच पाठवलेल्या दुसऱ्या पानावर त्याने टाकलेला 7,700 चा Expense Claim दिसतो. तो त्याच्या मॅनेजरकडे मंजुरीविना पडून आहे. मॅनेजर नाराज आहे, म्हणून बघत नाही, असं मी गृहीत धरते. खर्चाचा दावा मंजूर होऊन Employee Advance ला जोडला जात नाही तोवर सिस्टिमला पूर्ण बारा हजार येणे दिसणार. पेट्रोलची आणि लॉजची बिलं खरी असतील तर मॅनेजरला आजच मंजूर करायला सांगा. आक्षेप असेल तर बिलागणिक लेखी घेऊ द्या. खरी वसुली 4,300 आहे.

राहिला लॅपटॉप. मालमत्तेच्या तक्त्यात तुम्ही Action मध्ये ‘Return’ च्या जागी ‘Recover Cost’ निवडलंत आणि 46,000 लागले. ही तीन वर्षांपूर्वीची खरेदी किंमत आहे. लॅपटॉप तर स्टोअरमध्ये परत आला आहे, पावतीवर स्टोअरकीपरची सही आहे. वस्तू परतही घ्यायची आणि तिची नवीकोरी किंमतही घ्यायची, असं कसं होईल? वाद फक्त स्क्रीनचा आहे, आणि दुरुस्तीवाल्याने 6,500 सांगितले आहेत. पगारातून नुकसानभरपाई कापायची तर ते नुकसान त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं, रक्कम नुकसानीपेक्षा जास्त असू नये आणि कापण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. यातलं तुमच्याकडे अजून काहीच झालेलं नाही. म्हणून Action पुन्हा ‘Return’ करा, स्थिती ‘Returned’ करा आणि स्क्रीनचा विषय या हिशेबातून बाहेर काढा.

तर नवा हिशेब असा दिसतो. दहा दिवसांचा पगार 18,000, त्यातून पीएफ 1,080 आणि व्यवसाय कर 200. रजेचे 15,577. नोटिशीचे वजा 18,000, उचलीचे वजा 4,300. बेरीज 9,997. उणे नव्हे, अधिक. तुम्ही ज्याच्याकडून बावन्न हजार मागायला निघाला होतात, त्याला दहा हजार देणं आहे.

आणि ते अडवता येणार नाहीत. वेतन संहिता 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं, असं तिच्यात स्पष्ट आहे. ‘पुढच्या महिन्याच्या सायकलमध्ये’, ‘पंचेचाळीस दिवसांत’ ही आपल्या सगळ्यांची जुनी सवय आता मोडावी लागेल. तुमचा तर आठवडा उलटून गेला. त्यामुळे संपूर्ण स्टेटमेंट पुरं व्हायची वाट न बघता Salary Slip आधी काढा.

कापायचं किती, यालाही मर्यादा आहे. एका वेतन कालावधीत सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यावर जाता कामा नये. त्याचं वेतन 18,000, म्हणजे मर्यादा 9,000. पीएफ, व्यवसाय कर आणि उचल मिळून 5,580 होतात. नोटिशीचे 18,000 यात सरळ घातले तर मर्यादा केव्हाच मोडली. शिवाय ज्या कपाती कायद्याने नावानिशी मान्य केल्या आहेत त्या यादीत पीएफ आहे, कर आहे, उचल आहे, नुकसान आहे. नोटिशीचा पगार नाही. म्हणून ती वसुली आधी रजेच्या 15,577 मधून वळती करा, उरलेले 2,423 पगारातून घ्या, आणि हे त्याच्या लेखी संमतीने करा. मग पगारातली कपात 8,003 होते आणि निम्म्याच्या आत राहते. स्क्रीनचे 6,500 यात घुसवले असते तर 14,503 झाले असते. तो विषय बाहेर काढायला सांगितला, त्याचं हेही एक कारण.

संमती म्हणजे कोरा ‘नो ड्यूज’ फॉर्म नव्हे. ईमेलवर एवढं पुरे: ‘नोटीस कालावधीतील 20 दिवसांपोटी माझ्याकडून देय रु. 18,000 पैकी रु. 15,577 माझ्या शिल्लक रजेच्या रकमेतून व रु. 2,423 एप्रिलच्या वेतनातून वळते करण्यास माझी संमती आहे. हिशेब मी पाहिला आहे.’ तो नाही म्हणाला तर? मग पगार आणि रजेचे पैसे द्या आणि नोटिशीच्या अठरा हजारांसाठी वेगळं मागणीपत्र पाठवा. त्यासाठी कोर्टात जायचं की सोडून द्यायचं, ते साहेबांनी ठरवावं. माझं मत विचाराल तर अठरा हजारांसाठी वकील लावण्यापेक्षा वळतं करायला राजी करणं कधीही स्वस्त.

तुमचे सीए नोटिशीच्या वसुलीवर जीएसटी लावा म्हणतात असं पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलंय, ते खोडून टाका. 3 ऑगस्ट 2022 च्या 178 क्रमांकाच्या परिपत्रकाने तो प्रश्न मिटला आहे, लागत नाही.

रिलिव्हिंग लेटरबद्दल साहेबांशी तुम्हाला बोलावं लागेल. ते पत्र म्हणजे ‘हा माणूस अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होता’ एवढंच विधान आहे, तारण नव्हे. नोटीस अपुरी राहिली हे त्यात खरं तेवढं लिहायला हरकत नाही. पण पत्र अडवून पैसे मिळवलेत, तर तीच गोष्ट उद्या त्याच्या तक्रारीचं पहिलं वाक्य होईल. साहेबांना कायदा सांगू नका, हा तक्ता दाखवा. 52,640 येणे असं समजून ते रागावले आहेत. 9,997 देणे आहे हे कळल्यावर बोलण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

शेवटचं काम सिस्टिमचं. स्टेटमेंटमधल्या प्रत्येक ओळीला Unsettled अशी स्थिती असते आणि सगळ्या ओळी Settled झाल्याशिवाय ते सबमिट होत नाही. इथे लोक कंटाळून सगळ्यांवर Settled करून टाकतात. तुमच्या प्रतीतही लॅपटॉपची आणि उचलीची ओळ तशीच Settled दिसते, एक पैसाही आलेला नसताना. तसं सबमिट करून Create Journal Entry दाबलं असतं तर खात्यात न आलेली वसुली जमा झाली असती, आणि मार्चअखेरीस ऑडिटर ती शोधत बसला असता. तेव्हा हा मसुदा रद्दच करा. Leave Allocation आणि दर दुरुस्त करा, खर्चाचा दावा मंजूर करून घ्या, मग नवं स्टेटमेंट उघडा. नोटिशीच्या ओळीवर खातं निवडताना पगारखर्चाचं न निवडता वसुलीचं वेगळं खातं निवडा, नाहीतर एप्रिलचा पगारखर्च अठरा हजारांनी कमी दिसेल आणि पीएफच्या चलनाशी तो जुळणार नाही. प्रत्येक ओळ तिचा कागद हातात आल्यावरच Settled करा.

स्क्रीनसाठी त्याला साधं पत्र पाठवा: तडा कधी, कसा गेला, सात दिवसांत कळवा. विक्रीतला मुलगा आहे, लॅपटॉप रोज बाईकवरून फिरत होता. कंपनीने त्याला पॅड असलेली बॅग दिली होती का, हे पत्र लिहायच्या आधी स्टोअरमध्ये विचारून घ्या.